एकाची पालखी, एकाची शेजारती



गृहस्थाश्रमातील काही कलहांना कलह म्हणणेही संकोचाचे वाटते. घरात अन्नाची ददात नाही, कोणाला व्यसन नाही, एकमेकांविषयी अविश्वास नाही. आणि तरीही संध्याकाळ झाली की दोघांची मने परस्परांपासून दूर जाऊ लागतात. कारण एवढेच, की एकाला माणसे हवी असतात आणि दुसऱ्याला निवांतपणा हवा असतो. एकाच्या डोळ्यांपुढे हळदीकुंकू, भजन, यात्रा. दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे देवापाशी लावलेला दिवा, एखादा ग्रंथ आणि लावलेले दार.

अशा घरात बहुधा गीतेचाच शस्त्रासारखा उपयोग होतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. एकांतप्रिय मनुष्य तेरावा अध्याय पुढे करतो. तेथे भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगताना एकांत स्थळाची आवड आणि जनसमुदायाविषयी अप्रीती ही दोन्ही गणली आहेत, हे खरे. परंतु त्याच श्लोकाच्या पूर्वार्धात अनन्य भक्ती सांगितली आहे, तिचा उच्चार हे गृहस्थ सहसा करीत नाहीत. त्याच्या आधीच्या श्लोकात तर दोन गोष्टी अशा आहेत, की त्या वाचून आरामखुर्चीतील पुरुषाने थोडे सावरून बसावे. घराविषयी आसक्ती नसावी ही एक, आणि इष्ट वा अनिष्ट काहीही समोर आले तरी चित्त सम राहावे ही दुसरी. अवेळी दारात उभा राहिलेला पाहुणा हे एकांतप्रियाचे अनिष्टच नव्हे काय?

दुसरा पक्षही गीतेतूनच बोलतो. दहाव्या अध्यायात भक्त परस्परांना बोध करतात, भगवंताचे गुण सांगतात आणि त्यातच संतोष पावतात, असे म्हटले आहे. मग चार जणांत मिसळणे हाच सत्संग, असा निष्कर्ष निघतो. परंतु तेथे बोलण्याचा विषय स्वतः भगवंत आहे. कोणाच्या मुलीचे कोठे जमले, हा नव्हे. असल्या गप्पांत पाप आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. माणसाला माणूस भेटावा, ही साधी आणि चांगली भूक आहे. तिला सत्संग म्हणून जोडीदारावर लादू नये आणि आपल्या थकव्याला वैराग्य म्हणू नये, इतकेच आमचे सांगणे.

बडोद्यातील एका शिक्षक दांपत्याची हकीकत त्यांच्या संमतीने, नावे वगळून सांगतो. मास्तर विधवा मातेचे एकुलते पुत्र. दोन खोल्यांच्या शांत घरात वाढलेले. त्यांच्या पत्नीचे माहेर इंदूरचे; पंगतीला रोज बारा-पंधरा पाने. मास्तर दिवसभर वर्गात बोलून साडेपाचला घरी परतत, तेव्हा एक शब्दही बोलण्याची शक्ती त्यांच्यात उरत नसे. बाई दिवसभर रिकाम्या घरात असत आणि नेमक्या त्याच वेळेची वाट पाहत. त्यात त्यांनी दोघांच्या वतीने कोठलेतरी आमंत्रण आधीच स्वीकारलेले असे. मास्तर जात, कोपऱ्यात बसत, घड्याळ पाहत. बाईंच्या ते ध्यानात येई आणि त्यांचाही आनंद नासे. परतताना रस्ताभर दोघे गप्प.

पुढे मास्तरांचे डोके दुखू लागले. ते खरोखर दुखत नसे. बाई यजमानांना सांगत, "यांना बरे नाही." अशा रीतीने एका सज्जन घरात आठवड्याला दोन असत्ये बोलली जाऊ लागली. शेवटी बाईंनी विचारणेच सोडले. मास्तरांना ही शांती वाटली. आमच्या मते धोक्याची खूण हीच. आवडणाऱ्याने विचारणे सोडले, की दुसऱ्याचा निवांतपणा विश्रांती राहत नाही, तो अबोला होतो. दोहोंतील फरक ओळखण्याची सोपी खूण आहे. विसावा घेतलेला मनुष्य तासाभराने आपण होऊन "आज कोण कोण आले होते?" असे विचारतो; रुसलेला विचारीत नाही.

त्यांनी जे ठरविले ते अगदी साधे होते. आमंत्रणाला प्रत्येकाने केवळ स्वतःपुरता होकार द्यावा. मास्तर घरी आले, की पाऊण तास त्यांच्यापुढे कोणताही बेत मांडू नये. दोघे एकत्र जातील तेथे परतण्याची वेळ घरूनच ठरवून निघावे. मास्तरांनी आरती-प्रसाद झाल्यावर उठावे, बाईंनी शेजारणींबरोबर सावकाश यावे, आणि यजमानांना डोकेदुखी न सांगता खरे तेच सांगावे. आठवड्यातून दोन संध्याकाळी दिवेलागणीनंतर दार लावावे. त्या वेळी बाईंनी दूरध्वनीही घेऊ नये. याच्या बदल्यात मास्तरांकडे एकच काम आले: बाई बाहेरून येईपर्यंत जागे राहावे आणि त्यांची हकीकत मन लावून ऐकावी. मास्तर म्हणतात, सर्वांत अवघड हेच गेले. पहिल्या वर्षी गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत ही सारी घडी विस्कटली. तेव्हापासून उत्सवापूर्वीच ते त्या दिवसांपुरते वेगळे ठरवितात.

दार लावण्याचा बाईंना प्रथम फार राग येई. आम्ही त्यांना देवळाकडे पाहावयास सांगितले. शेजारती झाल्यावर गाभाऱ्याचे दार लागते. लांबून आलेला यात्रेकरूही उजाडेपर्यंत थांबतो, आणि देव आपल्यावर रुसला असे मनात आणीत नाही. मास्तरांना आम्ही पालखीचे स्मरण दिले. उत्सवमूर्ती वाजतगाजत गावभर फिरते, मूळ मूर्ती जागची हलत नाही. आणि पालखी परत आली की तिला ओवाळून आत घेतात, उशीर का झाला असे विचारीत नाहीत.

प्रवासाचा प्रश्न मात्र अनुभवानेच सुटला. एकदा मास्तर पत्नीच्या आग्रहास्तव बारा दिवसांच्या यात्रेस गेले. तीन दिवस बरे गेले, चौथ्या दिवसापासून ते प्रत्येकावर करवादू लागले. दोघांनी त्यावरून तीन रात्रींची मर्यादा घातली. लांबच्या यात्रेला बाई भजनी मंडळाबरोबर जातात, मास्तर त्यांना स्थानकावर पोहोचवितात आणि आणावयास जातात. वर्षातून एकदा दोघे गरुडेश्वरी जातात. टेंबे स्वामींच्या समाधीचे दर्शन झाले, की बाई पंगतीत वाढावयास जातात आणि मास्तर नर्मदेच्या घाटावर एकटे बसतात. बसमध्ये येताना बाई बोलतात, मास्तर ऐकतात.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहेत. शेजारी आजारी असेल, नात्यात मृत्यू झाला असेल, जवळचे कार्य असेल, तर आवड-निवड बाजूस ठेवून दोघांनीही जावे. तसेच जन्मतः शांत असणे निराळे आणि हसत्याखेळत्या माणसाने अकस्मात माणसे टाळू लागणे निराळे. हा दुसरा प्रकार दोन-तीन आठवडे टिकला, झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, तर त्याला स्वभाव समजून वाटाघाटी करीत बसू नये. त्याच्याजवळ बसून दुःख विचारावे आणि लवकर डॉक्टरांकडे न्यावे.