घडी न मोडलेले लुगडे

कोणाला नाही म्हणताना आपण बहुधा एखाद्या तिसऱ्याच गोष्टीच्या आड उभे राहतो. पाहुण्याला नाही म्हणताना प्रकृती पुढे करतो, वर्गणी मागणाऱ्याला नाही म्हणताना महागाई. दुकानदाराला अशी आड आयतीच मिळालेली असते. ती म्हणजे गल्ल्यामागची पाटी : ‘आठ दिवसांनंतर माल परत घेतला जाणार नाही.’ पाटीकडे बोट दाखविले की नकार आपण दिला नाही, तो पाटीने दिला, असे समाधान वाटते. पण ती पाटी लिहिली कोणी, हा प्रश्न उरतोच.

पुण्यातल्या माझ्या परिचयाच्या एका कापडदुकानात घडलेली हकीकत या प्रश्नासाठी फार उपयोगी आहे. एका बाईंनी सासूबाईंना दिवाळीसाठी एक इरकली नऊवारी लुगडे घेतले. किंमत पाच हजार रुपये. खरेदी आश्विन वद्य अष्टमीची. धनत्रयोदशीला सासूबाई गेल्या. तेरावा दिवस झाला, घर थोडे सावरले, आणि खरेदीनंतर विसाव्या दिवशी बाई दुकानात आल्या. पावती होती, लुगड्याची घडी मोडलेली नव्हती, फॉलही लावलेला नव्हता. इस्पितळाचे बिल भागवायचे होते. त्यांना रोख पैसे हवे होते.

दुकानदाराने प्रथम विचारले, “मालात काही खोट निघाली का?” हा प्रश्न उपचाराचा नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मुदतीनंतरही, विणीत मुळातच दोष असेल, तर सज्जन दुकानदार पाटीमागे लपत नाही. तेथे मेहेरबानीचा प्रश्नच नसतो. देणे असते ते द्यायचे असते. पण लुगडे निर्दोष होते. बाईंनीच तसे सांगितले. म्हणजे प्रश्न हक्काचा राहिला नाही.

मग घडीसुद्धा न मोडलेले लुगडे परत घ्यायला अडचण ती काय? अडचण बाहेरून दिसत नाही. कापडधंद्यात पुष्कळसा माल जांगड येतो. व्यापारी तो दुकानात ठेवून जातो. विकला तर त्याचे पैसे द्यायचे, न विकला तर ठरल्या दिवशी माल परत करायचा. हे लुगडे असेच चार हजारांच्या भावाने आले होते, आणि हिशेब पाडव्याला मिटवायचा होता. वद्य अष्टमीच्या खरेदीचा आठवा दिवस तोच येतो. त्या दिवसापर्यंत लुगडे परत आले असते, तर दुकानदाराने ते तसेच व्यापाऱ्याकडे पाठविले असते. पाडवा गेला, चार हजार व्यापाऱ्याला पोचले, नवी वही सुरू झाली. आता ते घेतले तर पाच हजार गल्ल्यातून जाणार, आणि हाती राहणार प्रौढ रंगाचे नऊवारी. त्याला गिऱ्हाईक दिवाळीला मिळते, मग संक्रांतीला एखादे. पाटीवरचा आठ हा आकडा तेव्हा कोणाच्या लहरीतून आलेला नव्हता. मात्र हे कारण पाटीवर लिहिलेले नसते, म्हणून गिऱ्हाइकाला ती निव्वळ अडवणूक वाटते.

येथे कोणी म्हणेल, पाच हजारांनी दुकान बुडते काय? बुडत नाही. पण त्याच सकाळी एक मुलगी दहाव्या दिवशी साडी घेऊन आली होती. तिची साडी मैत्रिणींना आवडली नव्हती, एवढेच. तिला नाही म्हटले होते. बाईंना रोख दिले असते, तर त्या मुलीला काय सांगायचे? दुःखाची प्रत लावून पैसे वाटायचे, तर दुकानात दुःखे सांगण्याची चढाओढ लागेल, आणि ती जिंकणार जो मोठ्याने बोलेल तो. मुकाट्याने परत जाणारा नेहमीच हरेल. सवलतीचा खरा धोका मला हा वाटतो. पैशाचे नुकसान त्या मानाने किरकोळ.

ॲरिस्टॉटलने न्यायाची चर्चा करताना लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या शिशाच्या मोजपट्टीचा दाखला दिला आहे. ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. नियम सर्वांसाठी म्हणून बांधलेला असतो, आणि एखादा प्रसंग असा येतो की तो नियम करणाऱ्याच्या मनातही आलेला नसतो. तेथे नियम वाकवावा, असे त्याचे म्हणणे. पण पट्टी दगड पाहून वाकते, दगड कोणाचा आहे हे पाहून नव्हे. सुतक हे असे कारण आहे. या मुदतीत बाईंना दुकानाची पायरी चढता येणेच शक्य नव्हते. त्या मुलीला शक्य होते.

दुकानदाराने नकार तेव्हाच दिला, स्वतःच्या नावावर दिला. “उद्या या, भागीदाराला विचारतो,” असे म्हणून त्यांना हेलपाटा घातला नाही. “करखात्याच्या नियमात बसत नाही,” ही हल्लीची लाडकी सबबही सांगितली नाही. ती खोटी ठरली असती, कारण परत आलेल्या मालाची नोंद करण्याची सोय वस्तू व सेवा कराच्या कायद्यात आहेच. मृत्यूचा दाखलाही त्याने मागितला नाही. तो म्हणाला, “ताई, रोख परत देणं मला जमणार नाही. मुदत गेली आणि माझे पैसे पुढे गेले. पण दोन गोष्टी करू शकतो.”

पहिली, पाच हजारांची पूर्ण चिठ्ठी, गुढीपाडव्यापर्यंत केव्हाही, कोणत्याही कापडासाठी. दुसरी, लुगडे दुकानात ठेवून जावे, म्हणजे आता बाईंचा माल दुकानात जांगड. विकले की येतील ते पैसे, कर वगळून, सारे त्यांचे. दुकान दुसऱ्यांदा नफा घेणार नाही. न विकले तर संक्रांतीनंतर लुगडे परत न्यावे.

तिसरा एक मार्ग त्याला सहज सुचला होता, असे तो नंतर मला म्हणाला : चार हजार रोख देऊन लुगडे ठेवून घेणे. बाईंनी ते आनंदाने घेतले असते. पण पुढे ते पाच हजारांना गेले तर एकाच लुगड्यावर दोनदा हजार रुपये मिळतात, आणि वर उपकाराचा मान. याला सद्भावना म्हणणे मला तरी कठीण वाटते. अर्थात त्यात त्याची रक्कम अडकणार होती, हेही खरे. हिशेब समोर मांडून तोच भाव सांगितला असता, तर तो निदान सरळ सौदा झाला असता.

बाईंनी दुसरी गोष्ट पत्करली. दुकानदाराने वहीत कारणासह नोंद केली : ‘सुतकामुळे उशीर, घडी कायम, जांगड ठेवले.’ ही नोंद मला महत्त्वाची वाटते. उद्या दुसरे कोणी अशाच कारणाने आले, तर त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता वही पाहता येईल. आणि भेटीच्या वस्तूची मुदत खरेदीपासून न मोजता भेट द्यायच्या दिवसापासून मोजावी, असे मी त्याला सुचविले, तर त्याने व्यापाऱ्याच्या पाडव्याचा मुद्दा पुन्हा पुढे केला. ते त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही.

लुगडे संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात गेले, पण घासाघीस होऊन चार हजार सहाशेला. तेवढे सारे बाईंना पोचते झाले. उरलेल्या चारशेंची तूट बाईंनी सोसावी, की पहिल्या विक्रीत हजार मिळविणाऱ्या दुकानदाराने, यावर आमचे दोघांचे अजून जमलेले नाही. तो म्हणतो, बाजारभावाची जोखीम मालकाची, आणि मालक त्या होत्या. मी म्हणतो, घासाघीस त्याने केली, तीही आपले गिऱ्हाईक तुटू नये म्हणून. तेव्हा निदान निम्मी तूट त्याची.