पुराच्या रात्री कोणी कोणास जागवावे?

मुलताईस उगम पावलेली तापी सातपुड्याच्या डोंगरांतून वाट काढीत बऱ्हाणपुरास येते. तेथपर्यंत सुमारे साडेदहा हजार चौरस किलोमीटर मुलखाचे पाणी तिला मिळालेले असते. म्हणून वर बैतुलाकडे पाऊस कोसळतो आणि येथे चांदणे पडलेले असतानाही काही तासांनी नदी चढू लागते. शहरातील राजघाटावर २२०.८० मीटर ही धोक्याची पातळी ठरलेली आहे; पण आजूबाजूच्या खेड्यांना अशी खूण सहसा नसते. तेथे खूण म्हणजे काठावर रोवलेली काठी.

असे एक खेडे वाचकांनी डोळ्यांसमोर आणावे. सखल भागात नावाड्याचे घर; त्याच्या मागे केळीची बाग असलेला शेतकरी, ज्याचे पंप नदीच्या उतारावर बसविलेले आहेत; पलीकडच्या गल्लीत एकटी राहणारी वृद्धा; आणि टेकाडावर एक दुमजली घर. गावातून बाहेर पडणारा रस्ता एका ओढ्यावरील फरशीवरून जातो. भाद्रपदातली रात्र आहे.

नावाडी नऊ वाजता काठी रोवतो. दहापर्यंत पाणी चार बोटे चढते, अकरापर्यंत एक वीत. पाण्याचा रंग गढूळ तांबूस झाला असून झाडांच्या फांद्या व पालापाचोळा वाहत येत आहे. पाणी किती चढले यापेक्षा दर तासाची चढ वाढत आहे, हीच गोष्ट ध्यानात घ्यावयाची. नदी अद्याप त्याच्या उंबऱ्यापासून बरीच खाली आहे. परंतु नदी फुगली म्हणजे ओढ्याचे पाणी तिच्यात शिरेनासे होते व उलट मागे सरते. त्यामुळे गावाच्या पाठीमागची फरशी घरांच्या आधी बुडते. अकरा वाजता ती पाण्याच्या दोन हात वर आहे. पुढच्या तासात पाणी एक हात चढले आणि वेग तसाच वाढत राहिला, तर साडेबाराच्या सुमारास वाट बंद. त्यानंतर गुडघाभर वाहते पाणीही धडधाकट माणसाचा तोल घालविते, आणि खाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला हे अंधारात दिसत नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांसह चाळीस घरे बाहेर काढावयास दीड तास धरला, तर हाक अकरालाच घातली पाहिजे. त्या वेळी तर पूर येईलच असे कोणीही छातीठोक सांगू शकत नाही.

येथे नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्यास प्रथम कळते त्याने खात्री होईपर्यंत थांबावे काय? आमचे मत स्पष्ट आहे. खात्रीचा क्षण आणि वाट बंद होण्याचा क्षण येथे एकच असतो. थांबण्याचा हक्क फक्त टेकाडावरच्या घरास आहे, कारण त्याला वाट लागत नाही. सखल घरांच्या वतीने त्याने तो वापरणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर आपली सावधगिरी मिरविणे होय.

पण शेतकऱ्याचीही बाजू आहे, आणि ती हलकी नाही. त्यास पंप सोडवून वर न्यावयाचे आहेत. एवढ्यात हाक आली तर ते काम अर्धे राहते. गोठ्यातील बैलांची दावी सोडली तर जनावरे आपण होऊन उंचीकडे जातात. बांधून ठेवली तर बुडतात. सोडल्यावर ती हरवली, आणि पाणी आलेच नाही, तर नुकसान कोणी भरावे? मागच्या वर्षीही नावाड्याने हाक दिली होती आणि पहाटे नदी उतरली होती, हे तो विसरलेला नाही. वृद्धेला तर उठवून नेण्यासाठी दोन माणसे हवीत, आणि ती मिळाल्याशिवाय तिच्यासाठी हाक ही केवळ ओरड आहे.

चढ मंदावली, म्हणजे वितेवरून पुन्हा चार बोटांवर आली, तर पुराचा माथा जवळ आला असे मानण्यास आधार असतो. तरी वरच्या एखाद्या उपनदीचे पाणी मागाहून येऊन नदी दुसऱ्यांदा चढू शकते, म्हणून माणसांनी एवढ्यावरच परत फिरू नये. केंद्रीय जल आयोग बऱ्हाणपुरास नदीची पातळी मोजतो आणि आज ती बातमी भ्रमणध्वनीवर येते. पण कोणत्या गल्लीची फरशी आधी बुडेल हे तो आकडा सांगत नाही.

आमच्या मते ही हाक एकट्या नावाड्याच्या विवेकावर सोडणेच अन्यायाचे आहे. चुकला तर हसे, गप्प राहिला तर पाप, असे ओझे त्याने का वाहावे? ज्येष्ठातच, नदी कोरडी असताना, गावाने एकत्र बसून फरशीखाली दोन हातांवर एक रंगाची रेघ ओढावी. पाणी रेघेस लागले व चढ वाढती असली, की हाक. कोणास विचारावयाचे नाही. वृद्धेसाठी दोन माणसे त्याच बैठकीत नेमावीत, पंप कोणी किती वाजेपर्यंत सोडवावेत हेही ठरवावे, आणि सुटलेली जनावरे हरवल्यास भरपाईचा वाटा टेकाडावरच्या घरानेही उचलावा.