‘काका, चहा दे’

आमच्या ऑफिसच्या पँट्रीत पन्नाशीचे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. पण ‘काका, चहा दे’ असं. संबोधनात दिलेला मान क्रियापदात काढून घेतलेला. ते मात्र पंचविशीच्या पोरांनाही ‘सर, तुम्ही’ म्हणतात.

मी नवीन होतो तेव्हा त्यांना ‘तू’ म्हणवेना, आणि ‘तुम्ही’ म्हटलं तर बाकीच्यांना शहाणपणा वाटेल अशी भीती. म्हणून मी पळवाट काढली: ‘चहा मिळेल का?’, ‘जेवण झालं का?’ कर्ताच गाळला की प्रश्न मिटला!

पुढे कळलं की स्वीडनमध्ये अख्खा समाज अशीच कसरत करत होता. तिथे ‘दू’ म्हणजे तू. ‘नी’ म्हणजे तुम्ही, पण वरच्याने खालच्याला म्हणायचं, म्हणून ते अनेकांना अपमानास्पद वाटे. मग माणसाला त्याच्या हुद्द्याने, तृतीय पुरुषात बोलवायचं, किंवा कर्मणी प्रयोगात लपायचं. 1967 साली ब्रूर रेक्सेद हे सरकारी आरोग्य खात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं, मी सगळ्यांना ‘दू’ म्हणणार, तुम्हीही मला ‘दू’ म्हणा. बदल आधीच सुरू झाला होता, पण त्यांचं नाव त्याला चिकटलं. काही वर्षांत जवळपास सगळा देश ‘दू’वर आला.

हे वाचून मी काकांना म्हणालो, ‘मला सर नको, तू म्हणा.’ ते हसले आणि म्हणाले, ‘बरं सर.’

माझी चूक मला उशिरा कळली. रेक्सेद प्रमुख होते, त्यांनी नियम सगळ्यांसाठी बदलला. मी फक्त माझ्यापुरती सूट दिली, आणि ती वापरायचा धोका काकांवर टाकला. मॅनेजरसमोर त्यांनी मला ‘अरे, तू’ म्हटलं असतं, तर ओरडा मला पडला नसता.

‘तू’मध्ये मुळात अपमान नाही. आपण आईला ‘तू’ म्हणतो, विठ्ठलालाही. उलट चिडलेली आई ‘या, आलात का?’ म्हणते तेव्हा त्या आदराने धडकी भरते. म्हणजे दोष शब्दात नाही, तो एकेरी वाहतुकीत आहे. मी जो शब्द वापरतो, तोच समोरच्याला बिनधास्त परत करता येतो का, एवढंच पाहायचं. आईला येतो. काकांना येत नाही.

त्यांचा ‘तुम्ही’ खाली आणणं माझ्या हातात नाही. माझा वर नेणं आहे. हल्ली मी कर्ता गाळत नाही. ‘काका, तुम्ही चहा घेतलात का?’ असं सगळ्यांसमोर विचारतो. गेटवरच्या वीस वर्षांच्या सिक्युरिटीच्या मुलालाही ‘तुम्ही’च म्हणतो. तो पहिल्यांदा दचकला होता. त्याने मागे वळून पाहिलं, कुणी मोठं माणूस उभं आहे का म्हणून.