एकाच सबस्क्रिप्शनच्या दोन किमती

डिसेंबर 2021मध्ये नेटफ्लिक्सने भारतातला बेसिक प्लॅन 499 रुपयांवरून 199वर आणला. अमेरिकेत बेसिक प्लॅनला तेव्हा 8.99 डॉलर पडत होते. डॉलरचा भाव 75 धरला तर ते 674 रुपये होतात. म्हणजे न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ जोगेश्वरीतल्या माझ्या तिपटीहून जास्त भरत होता. हा अन्याय म्हणायचा का?

बाजारातल्या दराने एक डॉलर 75 रुपयांचा होता, पण अमेरिकेत एका डॉलरला जेवढं सामान मिळतं तेवढं इथे साधारण 20 ते 23 रुपयांत मिळायचं. याला क्रयशक्तीचा दर म्हणतात. त्या हिशेबाने 8.99 डॉलरचे 180 ते 207 रुपये होतात. कंपनीने हेच गणित मांडलं असेल असं नाही, पण 199 बरोबर त्याच टप्प्यात बसतो. शिवाय सॉफ्टवेअरचा एक ग्राहक वाढला तर खर्च जवळपास वाढत नाही. त्यामुळे माझ्या सवलतीचा भार भावावर पडतो, हेही सहसा खरं नसतं.

अडचण दराच्या चढउताराची आहे. तुर्कस्तानात 2021च्या सुरुवातीला डॉलर सात-साडेसात लिरांना होता, नोव्हेंबर 2023मध्ये 28च्या पुढे. लिरातली किंमत तशीच ठेवली तर कंपनीच्या हातात पाव भागच उरतो, आणि बाहेरचे लोक तिथलं खातं काढून स्वस्तात खरेदी करू लागतात. स्टीम या गेमच्या दुकानाने त्याच महिन्यात तुर्कस्तान आणि अर्जेंटिनासाठी किमती डॉलरमध्ये केल्या. दराची जोखीम कंपनीच्या अंगावरून उतरली आणि लिरात पगार घेणाऱ्याच्या अंगावर आली.

मला मधला मार्ग बरा वाटतो. किंमत स्थानिक चलनातच असावी, ठरलेल्या तारखेला वर्षातून एकदा तपासावी आणि भरलेल्या मुदतीत बदलू नये. देश ओळखायचा तर कार्ड कुठल्या देशातल्या बँकेचं आहे ते पाहावं. व्हीपीएनने फोनचा पत्ता बदलता येतो, कार्डाची बँक बदलत नाही.

तरीही देश हे माप ढोबळच आहे. जोगेश्वरीत टॉवरमधला आणि शेजारच्या चाळीतला, दोघांनाही 199च. न्यू जर्सीत तासावर काम करणाऱ्याला मात्र सवलत नाही. मग प्रत्येकाची ऐपत बघून किंमत का लावू नये? कारण त्यासाठी कंपनीला माझा पगार, माझा फोन, माझी निकड, सगळं हेरावं लागेल. आणि निकड कळली की ती सवलत देण्याऐवजी जास्त उकळायलाच वापरली जाईल.

म्हणून माझी कसोटी साधी आहे : किंमत ठरवण्याचा नियम दोन्ही गिऱ्हाइकांना समोरासमोर बसवून सांगता येतो का? ‘तुझ्या देशात पगार कमी, म्हणून तुला कमी’ हे मावसभावासमोर सांगता येतं. तो कुरकुरेल, पण त्याला ते समजेल. ‘तुला गरज जास्त दिसली, म्हणून तुला जास्त’ हे कुणाच्याच तोंडावर सांगता येत नाही. ढोबळ पण उघड असलेला नियम मला त्या नेमक्या पण लपवलेल्या नियमापेक्षा जास्त न्याय्य वाटतो.