पुस्तक मिटण्याची वेळ

पुण्यात नवी पेठेतून सदाशिव पेठेकडे अभ्यासिकांच्या पाट्या वाचत गेले, तर 'चोवीस तास खुली' हे शब्द हमखास भेटतात. सार्वजनिक वाचनालयात वेळ झाली की शिपाई खिडक्या लावू लागतो, पंखे बंद करतो, आणि बसलेल्याला उठावेच लागते. अभ्यासिकेत असे उठवणारे कोणी नाही. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासक्रमाला शेवट नाही, चालू घडामोडींना तर नाहीच. मग उमेदवार 'एवढे प्रकरण झाले की उठतो' म्हणत बसून राहतो आणि रात्रीचा दीड वाजतो. याला चिकाटी म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला त्यात बऱ्याचदा एक पुढे ढकललेला निर्णय दिसतो. कुठे थांबायचे हे दिवसा ठरवले नव्हते, म्हणून ते थकलेल्या डोक्यावर सोडले जाते.

'एवढे झाले की' या हिशेबातच खोट आहे. प्रकरणाला किती वेळ लागेल याचा अंदाज आपण ताज्या डोक्याच्या वेगावर बांधतो, आणि ते वाचतो मात्र मंदावलेल्या वेगाने. जितके थकावे तितके प्रकरण लांबते. म्हणून थांबण्याची खूण पानावर न ठेवता घड्याळावर ठेवावी, आणि ती मागून मोजत यावी. सकाळी सहाला उठायचे असेल आणि प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते हे मान्य असेल, तर अकराला झोप लागलेली हवी. पुस्तक मिटल्याबरोबर झोप येत नाही; मध्ये तासभर सोडला तर दहाला अभ्यास संपतो. रात्रीच ज्यांचे डोके चालते त्यांनी दहाऐवजी बारा धरावेत आणि उठण्याची वेळही तितकीच पुढे न्यावी. परीक्षा दिवसा असते, तेव्हा ती जवळ आली की दोन्ही वेळा हळूहळू मागे आणाव्या लागतील. पण बारा म्हणजे रोज बारा. आज अकरा, उद्या दोन, असे झाले की वेळ ठरवल्याचा काही उपयोग राहत नाही.

दहाला उठायचे ठरवूनही उठवत का नाही? अर्धवट राहिलेले काम मनातून जात नाही, हे त्याचे एक कारण. ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेने १९२७ साली दाखवले की मध्येच थांबवलेली कामे लोकांना पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. पुढच्या सगळ्या प्रयोगांत हा निष्कर्ष तितक्या ठामपणे टिकला नाही, पण अंथरुणावर पडल्यावर उरलेले प्रकरण डोक्यात फिरते हा अनुभव कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावा. आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की अपुऱ्या उद्दिष्टाची मनातली लुडबुड थांबवायला ते उद्दिष्ट पूर्ण करावेच लागते असे नाही. ते कधी आणि कसे करायचे याची नेमकी आखणी केली तरी मन बरेच मोकळे होते. दुकानदार शटर ओढण्यापूर्वी गल्ला मोजतो आणि उद्या काय मागवायचे ते लिहून ठेवतो. सगळा माल विकला जाईपर्यंत तो दुकान उघडे ठेवत नाही.

हे 'नेमके' म्हणजे किती नेमके, ते उदाहरणाने पाहू. समजा, एक मुलगी राज्यघटनेतील आणीबाणीच्या तरतुदी वाचते आहे. नऊ चाळीस झाले आहेत. कलम ३५२, राष्ट्रीय आणीबाणी, वाचून झाले. ३५६, राष्ट्रपती राजवट, आणि ३६०, आर्थिक आणीबाणी, बाकी आहेत. मोह असा होतो की तिन्ही एकदम संपवावीत. पण हाच मजकूर थकलेल्या डोक्यात सर्वांत लवकर कालवला जातो. ३५२ च्या घोषणेला संसदेची मंजुरी एका महिन्यात लागते, तीही विशेष बहुमताने. ३५६ ला दोन महिन्यांत, साध्या बहुमताने. प्रश्न विचारला जातो तो नेमका या फरकावर. रात्री साडेअकराला दोन्ही पाठोपाठ वाचले की दोन्ही ओळखीचे वाटतात, आणि सकाळी कोणता महिना कुणाचा ते सांगता येत नाही.

तेव्हा ती नऊ चाळीसला नवीन पान उलटत नाही. पुस्तक झाकून ३५२ बद्दल आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहिते, मग उघडून ताडते. 'अंतर्गत अशांतता' जाऊन 'सशस्त्र उठाव' हे शब्द चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आले, एवढे सुटले होते. त्यावर खूण करते. यात दहा मिनिटे जातात. मग वहीत उद्याची पहिली ओळ लिहिते: 'सकाळी सात. कलम ३५६. मंजुरी, मुदत, बहुमत यांचा ३५२ शेजारी तक्ता. मग बोम्मई खटला, १९९४.' 'उद्या राज्यघटना' असे लिहिले असते तर त्याचा काही उपयोग नव्हता. त्यातून सकाळी बसल्यावर पुन्हा ठरवणे आले. मनात टोचणारी इतर कामे, म्हणजे अर्जाची मुदत, खानावळीचे पैसे, तीही त्याच पानावर वाराने टाकते. ३५६ चे पान वर ठेवून पुस्तक टेबलावर, बाकीची कप्प्यात. दहा वाजता ती उठते.

ही यादी झोपेलाही हातभार लावते असे मानायला थोडा आधार आहे. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांवर प्रयोग केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे काहींनी पुढच्या दिवसांची कामे लिहिली, काहींनी झालेली. पुढची कामे लिहिणाऱ्यांना सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि त्यांच्यातही ज्यांची यादी जास्त तपशिलाची होती त्यांना आणखी लवकर. प्रयोग लहान, प्रयोगशाळेतला, एका रात्रीचा. त्यावर फार मोठी इमारत बांधू नये.

बिघडते ते बहुधा दोन ठिकाणी. यादी करणे हाच अभ्यास होऊन बसतो: तीन रंगांची पेने, आठवड्याचा तक्ता, आणि नऊ चाळीसचे साडेदहा. पहिली ओळ आणि टोचणाऱ्या चार गोष्टी यांपलीकडे रात्री काही आखू नये. दुसरे ठिकाण मोबाइल. उठल्यावर 'सहजच' गट उघडला, कुणीतरी सराव चाचणीचे गुण टाकलेले असतात, आणि मिटलेला अभ्यास पुन्हा सुरू होतो, आता काळजीच्या रूपात. गुण पाहण्याची वेळ दुपारची ठेवावी. रात्री कळलेल्या गुणांवर रात्री काहीच करता येत नाही.

पद्धत लागू पडते की नाही, हे दहाला उठताना कसे वाटले यावरून कळत नाही. सुरुवातीला वाईटच वाटते; शेजारचा अजून वाचत असतो. सकाळचा पहिला अर्धा तास पाहावा. वही उघडून सरळ तक्त्याला हात घातला तर ओळ नीट लिहिली होती. कुठून सुरू करावे यातच वेळ गेला, तर ओळ मोघम होती. आणि काल शेवटच्या तासात वाचलेले आज अनोळखी वाटत असेल, तर थांबण्याची वेळ आणखी अलीकडे न्यायला हवी.

नोकरी करून तयारी करणाऱ्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. संध्याकाळी साडेसातला घरी येणाऱ्याला दहाची वेळ सांगणे सोपे, पण त्याच्या हातात दोनच तास उरतात. त्याने काही अभ्यास पहाटे न्यावा असे सुचवता येते. त्यानेही पुरत नसेल, तर त्याच्यापुढचा खरा निर्णय कोणता विषय सोडायचा किंवा यंदा परीक्षा द्यायची की नाही हा आहे. रात्री एकपर्यंत बसून तो निर्णय फक्त लांबतो. ज्यांना पूर्ण दिवस मोकळा आहे आणि तरीही रात्रीचे तीन तास लागतात, त्यांनी दुपारी दोन ते पाच काय होते, ते एकदा तपासून पाहावे.