तीन साहेब, तीन कामे, एक क्रम

तहसील कार्यालयातील महसूल सहायकाकडे सकाळीच तीन कामे येतात. तहसीलदारांना विधानसभेच्या तारांकित प्रश्नाची माहिती दुपारी तीनपर्यंत हवी असते. एका नायब तहसीलदारांना माहिती अधिकाराचे उत्तर पाठवायचे असते आणि त्याची ३० दिवसांची मुदत उद्या संपते. दुसऱ्यांना गुरुवारच्या बैठकीसाठी लाभार्थ्यांची यादी हवी असते.

अशा वेळी प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारायच्या असतात: काम नेमके कधी लागेल आणि उशीर झाल्यास काय अडेल. माहिती अधिकाराचे उत्तर विनाकारण लांबल्यास जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड होऊ शकतो. यादीला मात्र एक दिवसाची सवड असते.

मग तिन्ही कामे, मुदत आणि सुचवलेला क्रम कागदावर लिहून तिघांत वरिष्ठ असलेल्या तहसीलदारांना दाखवावा. “साहेब, या क्रमाने घेऊ का?” एवढे विचारणे पुरते. मान्य झालेला क्रम दोन्ही नायब तहसीलदारांना त्याच सकाळी सांगावा. “यादी बुधवारी चारला देतो” असे वेळेसह सांगितल्यास नाराजी राहत नाही. दोन मुदती एकाच तासावर आल्यास क्रम पुरत नाही. तेव्हा मदतनीस मागावा.