मानखुर्द सुटल्यावरचा फोन

बायकोच्या वाढदिवसाला पत्र लिहायला बसलेल्या माणसाच्या पेनातून पहिल्यांदा चंद्र उतरतो. त्यामागे चाफा, श्रावणसर, जन्मोजन्मीची साथ. एरवी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून घासाघीस करणारा माणूस त्या कागदावर एकदम अलंकारिक होतो. आमच्या पनवेलात, वडाळे तलावाच्या अलीकडच्या इमारतीत राहणारा एक तरुण शेजारी परवा असाच कागद घेऊन आला. ‘काका, जरा नजर टाका. तुम्ही लिहिणारे.’

वाचलं. वाईट नव्हतं, म्हणूनच अडचण होती. त्यातलं नाव खोडून तळोजा एमआयडीसीतल्या त्याच्या कुठल्याही सहकाऱ्याच्या बायकोचं नाव घातलं असतं, तरी ते पत्र तिलाही तितकंच आवडलं असतं. मी तसं म्हटल्यावर तो थोडा दुखावला. ‘पण काका, माझ्या मनात तेच आहे.’ असेलही. पण मनातलं आणि कागदावरचं यांत मधे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली ओळ येऊन बसते, आणि ती आपलीच वाटते.

कवितेची गोष्ट वेगळी. कविता कुणाही वाचणाऱ्याला स्वतःची म्हणता येते, तेच तिचं मोठेपण. पत्राला हे मानवत नाही. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा लग्नाआधीचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने १९७२ साली पुस्तक होऊन आला, तोवर कुसुमावतींना जाऊन अकरा वर्षं झाली होती. अनिलांसारख्या कवीलाही प्रेमात पडल्यावर कवितांवर भागवता आलं नाही, पत्रं लिहावी लागली. आणि ती वाचताना आपण दुसऱ्याच्या घरात डोकावतोय ही जाणीव सुटत नाही. कवितासंग्रह उघडताना असं कधी होत नाही.

दोन दिवसांनी तो दुसरा खर्डा घेऊन आला. चंद्र गेला होता, माहिती आली होती. तुला आल्याचा चहा लागतो, मोगरा आवडतो, निळा रंग शोभतो, पाणीपुरी तिखट हवी. सगळं खरं. पण ही यादी पनवेलातल्या निम्म्या बायकांना लागू पडेल, आणि तिला हे सगळं स्वतःबद्दल आधीपासून ठाऊक आहे. आपल्याला चहा कसा लागतो हे कळायला कुणी नवऱ्याचं पत्र उघडत नाही. तपशील घातला की पत्र आपोआप तिचं होतं, हा समज या खर्ड्यात खोटा ठरला होता. तपशिलात लिहिणारा माणूस कुठेच नव्हता. त्याने काय पाहिलं, पाहून त्याचं काय झालं, हे नव्हतं.

मग मी त्याला एकच विचारलं. मागच्या वाढदिवसापासून या वाढदिवसापर्यंत, असा एक दिवस सांग की तिच्याबद्दल तुला काहीतरी नव्याने कळलं. वर्षाची मर्यादा मुद्दाम घातली. नाहीतर माणसं थेट बघण्याच्या कार्यक्रमापर्यंत मागे जातात, आणि तो किस्सा नातेवाइकांत इतक्यांदा सांगून झालेला असतो की त्याचे कोपरे झिजलेले असतात. शिवाय वाढदिवस हा त्या एका वर्षाचाच असतो.

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, ‘तसं काही मोठं नाही. भाताचं आहे.’

ती सीएसएमटीच्या बाजूला नोकरीला. संध्याकाळी हार्बरने परतताना मानखुर्द सुटलं की, खाडीपूल यायच्या आत, तिचा फोन येतो: ‘भात लाव.’ तेवढंच. गाडी, मग स्टेशनबाहेरून रिक्षा, ती दारात येते तोवर कुकरची वाफ जिरलेली असते. जुलैत एका संध्याकाळी पाणी भरलं, गाड्या चुनाभट्टीपाशी थांबल्या, तिच्या फोनची बॅटरी संपली. फोन आला नाही. याने रोजच्या वेळेला कुकर लावला. ती आली तेव्हा दहा वाजून गेले होते, साडी पोटरीपर्यंत भिजलेली. गाडीचं, पाण्याचं काही बोलली नाही. स्वयंपाकघरात जाऊन झाकण उचललं आणि म्हणाली, ‘गार झाला. पण लावलास.’

हे तो सांगत होता आणि पुन्हा म्हणत होता, यात काय लिहिणार?

हेच लिहायचं, जसं घडलं त्या क्रमाने. मानखुर्द, कुकर, झाकण, आणि तिचे ते चार शब्द जसेच्या तसे. तिचं बोलणं सुधारून ‘गार झाला असला तरी तू आठवणीने लावलास’ असं केलं की ती त्या पत्रातून निघून जाते. त्यानंतर एक वाक्य त्याचं स्वतःचं. ते यायला वेळ लागला. शेवटी त्याने लिहिलं: ‘तोवर मला वाटायचं तू भाताची आठवण करून देतेस, त्या रात्री कळलं की तू घरी निघाल्याचं सांगतेस.’ हे वाक्य मला सुचलं नसतं, कारण तो फोन मला कधी आला नाही.

याच्या पुढे त्याला लगेच ‘तुझं प्रेम सागरासारखं’ जोडायचं होतं. हा मोह जवळजवळ सगळ्यांना होतो: खरं काही लिहून झालं की ते फार साधं वाटतं आणि वर झालर लावावीशी वाटते. ती खोडली. ‘घर आणि नोकरी तू किती समर्थपणे सांभाळतेस’ हेही खोडलं. त्याने पत्राचं निवृत्तीच्या समारंभातलं मानपत्र होतं.

आणखी एक प्रसंग त्याच्याकडे होता. ऑफिसात बढती हुकली तेव्हा ती बाथरूमचा नळ सोडून रडली होती. तोही तिचाच, दुसऱ्या कुणाचा नसलेला. पण नळ तिने कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून सोडला होता. आपल्याला ऐकू आलं म्हणून ते वाढदिवसाच्या कागदावर आणायचा हक्क आपल्याला मिळत नाही. तो प्रसंग घेतला नाही.

मायन्यावर थोडी चर्चा झाली. ‘प्राणप्रिय’ काढून घरात ज्या नावाने हाक मारतो ते घातलं. ते नाव इथे सांगत नाही. पत्र पानभरसुद्धा झालं नाही, याची त्याला खंत होती. कापड बाजाराजवळच्या दुकानातून सुंदर अक्षरात लिहून, फ्रेम करून घ्यायचा बेतही होता. त्याचं अक्षर वाकडं आहे, पण वाणसामानाच्या चिठ्ठ्यांमुळे तिला ते ओळखीचं आहे, म्हणून त्यानेच निळ्या पेनाने उतरवलं. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं माझ्याकडून तपासून घेतलं. सासूबाई मराठीच्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि सध्या त्यांच्याकडेच राहायला आल्या आहेत. पत्र त्या वाचणार नाहीत असं तो म्हणतो. मला तेवढी खात्री नाही.